पहिल्या मेलमध्ये त्यू की वू?

रेवती_कोथरूड:
फ्रान्समधल्या ल्योंच्या एका कंपनीत रुजू होतेय. अजून पुण्यातूनच काम चालू आहे. हिशेब खात्यातल्या एका बाईंना पहिला मेल लिहायचाय, जुन्या खर्चाच्या फाइल्सचा ॲक्सेस हवाय. त्यांच्याशी कधी बोलणं झालेलं नाही, फोटोवरून पन्नाशीच्या वाटतात. एचआरच्या मुलीने मला पहिल्या दिवसापासून त्यू केलंय, म्हणजे फ्रेंचमधलं अरे-तुरे. पण मॅनेजरने आम्हा दोघींची ओळख करून देणारा मेल टाकला, त्यात सगळीकडे वू आहे, म्हणजे ‘तुम्ही’. मग मी काय करू?

स्टार्टअपकर:
त्यू कर, बिनधास्त. एचआरने त्यू केलं म्हणजे कंपनीची रीतच ती आहे. मी पॅरिसमध्ये ज्या टीममध्ये आहे तिथे संचालकापासून इंटर्नपर्यंत सगळे एकमेकांना त्यू म्हणतात. तिथे नवीन माणूस वू करत आला की सगळ्यांना वाटतं, हा अजून दारातच उभा आहे. समोरच्यालाच मग ‘ऑं प्यो स त्युत्वाये’, म्हणजे ‘आपण त्यू करू शकतो’, म्हणून परवानगी द्यावी लागते. त्याच्यावर हे काम कशाला टाकायचं?

मादाम_पुणेकर:
पहिलं नाव तरी का लिहायचं? ‘बोंजूर मादाम’ आणि पुढे आडनाव, खाली लांब समारोपाचं वाक्य. आम्ही तसंच शिकलो आणि तसंच शिकवलं. पन्नाशीच्या बाईला कुणी पहिल्या पत्रात नावाने हाक मारतं का?

ल्योंवासी:
मादाम_पुणेकर, तुम्ही सांगताय ते अर्जाला किंवा सरकारी कचेरीला लिहायच्या पत्राला बरोबर आहे. एकाच कंपनीतल्या दोन माणसांत आडनावाने लिहिलं तर बाईंना वाटेल की बाहेरचा कुणी पुरवठादार लिहितोय. फ्रान्समधल्या ऑफिसांत आज सर्रास चालतं ते पहिलं नाव आणि वू, दोन्ही एकत्र. मराठी माणसाला हे अवघड जातं, कारण आपल्याकडे नुसत्या नावाने हाक मारली की मागोमाग अरे-तुरे येतंच, आणि अहो-जाहो करायचं तर नावाला ताई नाहीतर मॅडम जोडावं लागतं. तिकडे तसं बंधन नाही.

आता रेवती, तुझ्या दोन पुराव्यांबद्दल. मॅनेजरचा मेल तुम्हा दोघींना मिळून आहे ना? मग त्यात वू येणारच, दोन माणसांना उद्देशून दुसरं काही लिहिताच येत नाही. तो त्या बाईंना एकटीला रोज त्यू करत असेल किंवा वू करत असेल, या मेलवरून काहीच कळत नाही. एचआरचा पुरावा जरा बरा आहे, पण अर्धाच. नव्या माणसाला घरच्यासारखं वाटावं म्हणून एचआर त्यू करतं, आणि त्याच इमारतीत हिशेब खातं वर्षानुवर्षं वू वर चाललेलं असतं. एकाच कंपनीत मजल्यागणिक रीत बदललेली मी पाहिली आहे.

म्हणून माझं मत, पहिला मेल वू मध्ये. कारण सरळ आहे. वू वरून त्यू वर यायला एक ओळ पुरते आणि दोघांनाही बरं वाटतं. त्यू वरून वू वर परत जाणं म्हणजे भांडण झाल्याची खूण. चुकून त्यू गेलं तर ते मागे घेता येत नाही, चुकून वू गेलं तर समोरचा दुसऱ्याच मेलमध्ये ते सोडवून टाकतो.

स्टार्टअपकर:
पण वू ने कुणी दुखावत नाही हे खरं नाही. आमच्या टीममधल्या चाळिशीच्या एका बाईंना नव्या मुलाने वू केलं, तर त्या दिवसभर म्हणत होत्या, मी काय एवढी म्हातारी दिसते का.

ल्योंवासी:
असं होतं, मान्य. पण त्यांनी ते बोलून दाखवलं ना? नको असलेलं त्यू कुणी बोलून दाखवत नाही. उत्तर नुसतं कोरडं येतं आणि फाइलचा ॲक्सेस दोन दिवस उशिरा मिळतो.

मॉन्ट्रियलची_अनघा:
इकडे क्यूबेकमध्ये एवढा विचार कुणी करत नाही. मी मॉन्ट्रियलला रुजू झाले तेव्हा पहिल्याच मेलमध्ये सगळ्यांना वू केलं, तर शेजारच्या टेबलावरचा सहकारी येऊन म्हणाला, अगं, आम्ही इथे त्यूच म्हणतो. ग्राहकांशी मात्र वू. रेवती, तू उगाच घाबरतेयस, त्यूच लिही.

ल्योंवासी:
अनघाताई, मॉन्ट्रियलला तुमचं बरोबरच आहे, सहकाऱ्यांत त्यू तिकडे फ्रान्सपेक्षा फार लवकर येतं. पण रेवतीच्या बाई ल्योंच्या हिशेब खात्यात बसतात. उलटही होतं. मॉन्ट्रियलहून आलेला एक सहकारी आमच्याकडे सगळ्यांना पहिल्या दिवसापासून त्यू करायचा. तरुणांना चाललं. जुन्या लोकांनी त्याला आपलं म्हणायला बराच वेळ घेतला.

निषाद:
मला हा सगळा प्रकारच पटत नाही. 1793 मध्ये क्रांतीच्या ऐन भरात पॅरिसमध्ये मागणी झाली होती की सगळ्यांनी सगळ्यांना त्यूच म्हणावं, नागरिक सगळे सारखे. त्याचा कायदा झाला नाही आणि काही वर्षांत वू परत आलं. आज तरुण कंपन्या तेच करत असतील तर चांगलं आहे. वू म्हणजे दर्जाची उतरंड. रेवतीने ती का पाळावी?

स्टार्टअपकर:
अगदी हेच म्हणतोय मी.

ल्योंवासी:
निषाद, उतरंड वू मध्ये नसते, एकतर्फीपणात असते. 18 जून 2018 ला माँ-व्हालेरियाँच्या समारंभात एका शाळकरी मुलाने राष्ट्राध्यक्ष माक्राँना ‘काय मानू, कसं काय’ अशा थाटात, नावाचं लाडकं रूप घेऊन, हाक मारली. माक्राँनी त्याला तिथेच सुनावलं की मला अध्यक्ष महाराज म्हणायचं, आणि हे सुनावताना स्वतः त्या मुलाला त्यू म्हणाले. वयाने मोठा माणूस मुलाला त्यू करतो, मुलाने मात्र वू करायचं, ही खरी उतरंड. दोन सहकारी एकमेकांना वू म्हणतात तेव्हा दोघं एकाच पायरीवर असतात. माझी एका सहकाऱ्याशी कित्येक वर्षांची दोस्ती आहे, आम्ही अजून वू वर आहोत, आणि तो माझ्या लेकीच्या लग्नाला पुण्याला येऊन गेलाय.

निषाद:
एकतर्फीपणाबद्दल पटलं. पण मग बॉस त्यू करतो आणि तुम्ही वू करत राहता, तेव्हा तीच उतरंड तुम्ही स्वतः बांधता. त्याचं काय?

ल्योंवासी:
बॉसने त्यू केलं तर मी त्यूच करतो. त्याने तसं बोलून दाखवायची वाट बघत नाही.

क्रियापदवाली:
मी इकडे फ्रेंच शिकवते, माझी काळजी वेगळी आहे. त्यू की वू यापेक्षा जास्त वाईट दिसतं ते एकाच मेलमध्ये दोन्ही आलं की. मुलं ठरवून वू ने सुरुवात करतात आणि तिसऱ्या ओळीत ‘तों’ लिहून मोकळी होतात, म्हणजे वरच्या ओळीत ‘तुम्ही पाठवाल का’ आणि खाली ‘तुझी फाइल’. किंवा त्यू करायचं ठरवतात आणि सवयीने ‘सिल वू प्ले’ लिहितात, तिथे ‘सिल तं प्ले’ हवं. पाठवण्याआधी मेल फक्त याच गोष्टीसाठी एकदा वाचा. क्रियापदाचं रूप, तुझं-तुमचं दाखवणारा शब्द, ‘प्लीज’ची ओळ आणि शेवटचा निरोप, या चारही जागी एकच माणूस बोलतोय का ते बघा. निरोपाला ‘कोर्दियालमाँ’ लिहिलंत तर ते दोन्हीकडे चालतं. ‘ब्याँ आ वू’ लिहिलंत की तुम्ही बांधल्या गेलात.

रेवती_कोथरूड:
मग दोन्ही टाळूनच लिहिलं तर? ‘पूव्हे-वू’ ऐवजी ‘सरे-तिल पोसिब्ल द’, म्हणजे ‘अमुक मिळणं शक्य होईल का’. कुठेच त्यू नाही, कुठेच वू नाही.

क्रियापदवाली:
दोन ओळींच्या मेलला चालतं. चार ओळी झाल्या की वाक्यं अवघडल्यासारखी वाटायला लागतात आणि वाचणाऱ्याला कळतं की तू वळसे घालतेयस. आभार मानताना तर अडकतेसच.

इंग्रजीत_लिहा:
इंग्रजीत लिहून टाका ना. तिकडे आता सगळ्यांना येतं. प्रश्नच मिटला.

ल्योंवासी:
हिशेब खात्यातल्या पन्नाशीच्या बाईंना इंग्रजीत मेल गेला, तर त्या तो दुपारी निवांत वेळ मिळेल तेव्हा उघडतील. रेवतीला फ्रेंच येतं, मग तिने फ्रेंचमध्येच लिहावं.

रेवती, मी असतो तर असा लिहिला असता: ‘बोंजूर’ आणि पहिलं नाव. पहिल्या ओळीत मी कोण, कुठल्या टीममध्ये आले, मॅनेजरने तुमचं नाव सुचवलं. दुसऱ्या ओळीत नेमकं काम: कुठल्या वर्षांच्या फाइल्स, फक्त वाचायला की बदलायलाही, कधीपर्यंत. मग ‘मेर्सी दाव्हाँस पूर व्होत्र एद’, म्हणजे तुमच्या मदतीबद्दल आधीच आभार. शेवटी ‘कोर्दियालमाँ’ आणि तुझं नुसतं पहिलं नाव. सहीत पहिलं नावच ठेव, आडनावाची गरज नाही. त्यावरून बाईंना कळतं की तू जवळ यायला तयार आहेस.

मग उत्तराची शेवटची ओळ आधी वाच. तिथे बहुधा ‘संकोच करू नका’ अशा अर्थाचं काही असतं. ‘नेझीते पा’ असेल तर त्या वू वर आहेत, ‘नेझीत पा’ असेल तर त्यू वर आल्या. एका अक्षराचा फरक आहे, पण सगळं त्यात असतं. त्यू आलं असेल तर पुढच्या मेलपासून तूही त्यू. तेव्हा वू धरून बसलीस तर ते नकार दिल्यासारखं होतं.

स्टार्टअपकर:
आणि त्या बाईही तुझ्यासारखाच विचार करून वू वर राहिल्या तर? दोघी वर्षभर वू करत बसाल. म्हणून कुणीतरी पहिलं पाऊल टाकावं म्हणतो मी.

ल्योंवासी:
पाऊल टाकायचा मान आधी मोठ्याचा, किंवा आधीपासून असलेल्याचा. रेवती दोन्ही बाजूंनी धाकटी आहे. दोन-तीन मेल झाले, एकदा व्हिडिओवर बोलणं झालं, की तिनेही विचारायला हरकत नाही, पण तोंडी विचारावं. लेखी विचारलं तर बाईंना नाही म्हणायला जागाच उरत नाही.

मॉन्ट्रियलची_अनघा:
तोंडीच का? मला तर लेखी जास्त सोपं वाटतं, समोरच्याला विचार करायला वेळ मिळतो.

क्रियापदवाली:
मीही इथे अनघाताईंच्या बाजूने. चॅटवर एक ओळ टाकली तर काय बिघडलं?

रेवती_कोथरूड:
पाठवला. पहिलं नाव, वू, ‘कोर्दियालमाँ’. मेल परत वाचताना एका जागी ‘तों’ सापडलंच, क्रियापदवाली यांचे आभार. बाईंचं उत्तर आलंय, ॲक्सेसही मिळालाय. उत्तरात त्यांनी मॅनेजरलाही सीसीत घेतलंय आणि सगळीकडे वू आहे, त्यामुळे ते मला एकटीला आहे की आम्हा दोघांना, हे काही कळत नाही.

ल्योंवासी:
मग पुढचा मेल वू मध्येच. सीसीतून मॅनेजर गेला की कळेल.