मदत हवी आहे: दोन अँटेना, एमआरसी, तरी एरर फक्त निम्मीच होते

मनीषनगरवाला: एम.टेक.चा प्रोजेक्ट आहे. चौथ्या मजल्याच्या गच्चीवर एका पाइपला दोन अँटेना, मधलं आडवं अंतर 17 सेंमी. 866 मेगाहर्ट्झला ही अर्धी वेव्हलेंग्थ होते. ट्रान्समीटर मित्राच्या स्कूटीवर, खाली गल्ल्यांत फिरतो. बीपीएसके आहे, पायलटवरून h1, h2 काढतो आणि

```
y = conj(h1)*r1 + conj(h2)*r2
```

सरासरी 15 डीबी एसएनआरला एका अँटेनाचा बीईआर 0.0077 च्या आसपास येतो, तो रेलेच्या गणिताशी जुळतो. दोन्ही जोडल्यावर 0.00018 यायला हवा, येतो 0.004. चुकतंय कुठे?

सदर_कट्टा: सिग्नल पडला की ती अँटेना सरळ बंद कर भाऊ. तिचा नॉइज चांगल्या अँटेनाला बुडवतो.

जुना_आरएफवाला: ते दोन्ही सारख्या वजनाने जोडले तर खरं. इथे वजन h चंच आहे, सिग्नल पडला की वजनही पडतं. फक्त पायलट फार कमकुवत असले, तर h चा अंदाजच नॉइजचा असतो आणि मग तुमचा मुद्दा लागू होतो.

मनीषनगरवाले, एरर जवळपास निम्मी झाली, यातच उत्तर आहे. एका अँटेनाला एसएनआर दुप्पट केला की एरर निम्मी होते. म्हणजे तुम्हाला 3 डीबी मिळाले, डायव्हर्सिटी मिळाली नाही. |h1| आणि |h2| एकाच आलेखावर काढा. दोघांचे खड्डे एकाच वेळी पडत असतील तर तुमच्याकडे एकच चॅनल दोनदा मोजलेला आहे.

रामदासपेठ_९०: माझ्या राउटरला चार दांडे आहेत, तरी मागच्या खोलीत वायफाय येत नाही. तेच कारण का?

जुना_आरएफवाला: नाही, तिथे भिंतीमुळे सरासरी सिग्नलच कमी आहे. चारही दांड्यांना तो कमीच मिळणार.

मनीषनगरवाला: आलेख काढला. खड्डे अगदी एकावर एक! पण अर्धी वेव्हलेंग्थ पुरते असंच शिकलोय.

जुना_आरएफवाला: चहूबाजूंनी परावर्तन येत असेल तर पुरते, म्हणजे स्कूटीवर पुरली असती. गच्चीवर आसपास अडथळा नाही, सगळ्या लहरी खालच्या गल्लीतून अरुंद कोनात येतात. तिथे दहा-एक वेव्हलेंग्थ, म्हणजे साडेतीन मीटर अंतर लागतं. तेही गल्लीच्या दिशेला आडवं. स्कूटी पूर्वेला असेल तर अँटेना उत्तर-दक्षिण लावा. अगदी शून्य कोरिलेशन नको, 0.7 च्या खाली आलं तरी बराच फायदा दिसतो.

मनीषनगरवाला: घरमालक दुसरा पाइप लावू देणार नाहीत. एकाच पाइपवर एक अँटेना +45 आणि एक −45 अंशांत तिरकी लावली तर?

जुना_आरएफवाला: स्कूटीची अँटेना उभी आहे ना? लहर तशीच उभी पोचली तर दोघींना सारखंच मिळेल, परत तेच 3 डीबी. गल्लीतल्या भिंतींनी पोलरायझेशन किती फिरवलं त्यावर सगळं आहे. लावून तोच आलेख काढा आणि इथे टाका.

सदर_कट्टा: नाहीतर स्कूटीवालीच अँटेना तिरकी करा की.

जुना_आरएफवाला: 45 अंशांत केली तर गच्चीवरची एक उपाशी राहील. बघा करून, पण दोन्ही शाखांची सरासरी वेगवेगळी नोंदवा.