मदत हवी आहे: घरभाड्याची तारीख पगारानंतरची करून घ्यायची आहे

खोली_नंबर_२
लवकर सांगा, उद्या संध्याकाळी काकांशी बोलायचं आहे. भाडं ५ तारखेला द्यायचं असतं आणि पगार नंतर होतो. दर महिन्याला तेच रडगाणं. परवा काकू नळावर सगळ्यांसमोर म्हणाल्या, "काहून रे, तुह्याकडे कॅलेंडर नाई का?" त्यांच्या दाराशी कॅलेंडर टांगलेलं आहे, त्यात ५ वर लाल पेनाने गोल आणि बाजूला 'खोली २'. येता-जाता तेच दिसतं. तारीख बदला हे कसं सांगू? मेसेज टाकला तर चालेल का?

आर्णीची_ताई
गाव कोणतं? भाडं किती? पगार "नंतर" म्हणजे नेमका कधी? करारात काय लिहिलंय?

खोली_नंबर_२
वर्धा जिल्हा, कारंजा घाडगेच्या बाजूचं गाव. भाडं ३६००. कंत्राटी आहे, पगार दहाच्या आसपास होतो. करार वगैरे काही नाही, तोंडी. प्रश्न तारखेचा आहे, प्लीज.

हक्काचं_बोला
घाबरता कशाला? भाडं ९० दिवस थकल्याशिवाय मालक काढूच शकत नाही, कायदा आहे. आणि पगार ७ तारखेच्या आत देणं बंधनकारक आहे. कंत्राटदाराला आधी लेखी द्या.

पतपेढीतला_जुना
साहेब, ते ९० दिवस भाडे नियंत्रण कायद्यातल्या नोटिशीचे आहेत. भाडं मागणारी नोटीस दिल्यावर मोजायचे. आणि तो कायदा सगळ्या गावांना लागू नाही. पगाराचं ७ तारखेचं म्हणणं बरोबर आहे, पण पोराला उद्या संध्याकाळी काकांसमोर बसायचं आहे, कामगार कार्यालयात नाही.

@खोली_नंबर_२, दोन गोष्टी सांग. ५ डिसेंबरला देशील ते भाडं नोव्हेंबरचं की डिसेंबरचं? आणि डिपॉझिट किती दिलंस?

खोली_नंबर_२
नोव्हेंबरचं. राहून झाल्यावर देतो. डिपॉझिट ५०००. याचा तारखेशी काय संबंध?

पुसदचा_घरमालक
संबंध हाय ना भाऊ! माह्या चार खोल्या हायेत. भाडेकरू आधी पाच दिवस मागते, मंग पंधरा, मंग एक दिवशी खोलीले कुलूप आन् फोन बंद. मी तं कोणालेच तारीख बदलून देत नाई. एक तारीख म्हन्जे एक तारीख.

आर्णीची_ताई
दादा, सगळे भाडेकरू पळत नाहीत. माझ्या सासऱ्यांनी एका शिक्षकाला तेरा वर्षं ठेवलं. त्याचा पगार कधीच वेळेवर नसायचा.

पुसदचा_घरमालक
शिक्षकाची गोष्ट येगळी, त्याची नोकरी कुठं जाते? हा कंत्राटी हाय.

पतपेढीतला_जुना
पुसदकर रागात बोलले, पण नेमकं तेच तुझ्या काकांच्या डोक्यात असणार. हिशेब पाहा. दिवसाचे १२० रुपये पडतात. ५ तारखेला तू काकांचं मागचा पूर्ण महिना आणि चालू महिन्याचे पाच दिवस देणं लागतोस, म्हणजे ३६०० आणि ६००, एकूण ४२००. डिपॉझिट ५०००. तू त्या दिवशी निघून गेलास तरी काका बुडत नाहीत. तारीख १५ केली की हेच देणं ५४०० होतं. आता ४०० रुपये उघडे पडले. काका हा हिशेब तोंडाने सांगणार नाहीत, "नाई जमत" एवढंच म्हणतील.

म्हणून तारीख मागताना सोबत डिपॉझिटमध्ये हजार वाढवून देतो म्हण. ते पैसे तुझेच राहतात, सोडताना परत मिळतात. नुसती मुदत मागायला आलेला आणि काहीतरी घेऊन आलेला, यांच्याशी माणूस वेगळं बोलतो. मी तीस वर्षं कर्जदारांसमोर बसलो आहे.

दुसरं, "दहाच्या आसपास" चालणार नाही. पासबुक काढ आणि मागच्या सहा पगारांच्या तारखा इथे लिही.

वरूडचा_संत्रेवाला
माझंही असंच झालं, पण उलटं. आंबिया बहाराचा व्यापारी पैसे द्यायला दोन महिने लावतो आणि बँकेची किस्त ठरल्या दिवशी कापली जाते. खात्यात पैसे नसले की वर दंड. मी बँकेत जाऊन किस्तीची तारीख बदलून घेतली, अर्ज केला तर होतं. तुम्ही पण बँकेत अर्ज करा.

आर्णीची_ताई
दादा, त्याला किस्त नाही, भाडं आहे. 😄

खोली_नंबर_२
जून ९, जुलै ११, ऑगस्ट ८, सप्टेंबर १३, ऑक्टोबर १०, नोव्हेंबर ११. मी १० मागणार होतो.

आणि संत्रेवाले दादांनी बरी आठवण दिली. काकांच्या पोराने पिकअप घेतली आहे, तिची किस्त ७ तारखेला असते. काकू ते पण म्हणाल्या होत्या. हे लिहायचं राहिलं.

पतपेढीतला_जुना
हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतंस!

आधी तारीख. १० मागितली असतीस तर सहापैकी तीन महिने पुन्हा उशीर. बदलून घेतलेली तारीख चुकली तर दुसऱ्यांदा तोंड दाखवता येत नाही. १३ ला पगार आलेला आहे, मध्ये रविवार धर, १५ माग. काका १२ म्हणाले तर घे, पण सप्टेंबरसारखा महिना येईल तेव्हासाठी थोडे पैसे बाजूला ठेव.

आता किस्त. काका भाडं घेऊन ७ ला तिथेच भरत असतील, तर १५ त्यांना परवडणारच नाही, डिपॉझिट कितीही वाढव. खोली १ चं भाडं कधी येतं, त्यात किस्त निघते का, हे त्यांनाच विचार. निघत नसेल तर दोन तुकडे कर, थोडं ५ ला आणि बाकी पगारानंतर.

हक्काचं_बोला
दोन तुकडे म्हणजे महिन्यातून दोनदा काकूंचं ऐकायचं. त्यापेक्षा दर पगाराला ६०० जास्त द्या. सहा महिन्यांत एक भाडं पुढे जाल, मग पगार १३ ला होऊ दे नाहीतर २० ला.

पतपेढीतला_जुना
हे मात्र बरोबर बोललात. पण तोवरचे सहा महिने तर काढायचे आहेत ना.

आर्णीची_ताई
मेसेज टाकू नकोस. आणि भाडं थकलेलं असताना मागू नकोस. यावेळचं कुठूनही उसनं घेऊन ५ च्या आत दे, हातात देतानाच विषय काढ. ठरलं की काकांच्या वहीत तारीख लिहून दोघांच्या सह्या कर.

खोली_नंबर_२
आजच जाऊन आलो. मित्राकडून ३६०० घेतले आणि देताना बोललो. काका आधी गप्पच बसले. हजाराचं म्हटल्यावर म्हणाले, "पंधरा नाई जमत, बारा कर." डिपॉझिटचे हजार डिसेंबरच्या पगारातून द्यायचे. किस्तीचं विचारलं तर म्हणाले ते मी पाहीन. वहीत लिहिलं. सही त्यांनी केली, मी पेन शोधेपर्यंत काकूंनी वही आत नेली.

पुसदचा_घरमालक
काका साधे हायेत. मी नसतं देल्लं.

पतपेढीतला_जुना
उद्या वही मागून सही कर. कॅलेंडरचं काय?

खोली_नंबर_२
डिसेंबरच्या पानावर १२ ला नवीन गोल काढला. ५ चा खोडला नाही. काकू म्हणे, लाइटबिलाचे पैसे ५ लाच.