मदत हवी आहे: कोरिया आहे, पण एएसओ नॉर्मल

दहा वर्षांची मुलगी, वजन 28 किलो. तीन आठवड्यांपासून हातापायांच्या अनैच्छिक हालचाली, अक्षर बिघडलेले. घसादुखी चार महिन्यांपूर्वी. एएसओ 180. इकोत मायट्रल झडपेची सौम्य गळती, ऐकू येणारी मर्मर नाही.

या आकड्यावरून ‘ऱ्हुमॅटिक नाही’ असा शेरा मिळाला. तो पटत नाही. एएसओ फक्त जंतूच्या स्ट्रेप्टोलायसिन-ओ विरुद्धची प्रतिपिंडे मोजतो. ती साधारण तीन ते सहा आठवड्यांत शिखर गाठून उतरू लागतात, आणि कोरिया तर कित्येकदा त्यानंतरच उगवतो. शिवाय इजा करणारी प्रतिपिंडे वेगळीच: जंतूच्या एम-प्रथिनाशी व कर्बोदकाशी साम्य असल्याने ती हृदयाच्या मायोसिनला आणि मेंदूतील बेसल गँग्लियाच्या पेशींनाही चिकटतात. म्हणून एएसओ गेलेल्या संसर्गाची खूण दाखवतो, आजाराची तीव्रता नव्हे.

विल्सन, थायरॉइड, ल्युपसच्या तपासण्या नकारात्मक. अँटी-डीएनेज बी जास्त काळ वर राहते, म्हणून नमुना पाठवला आहे.

प्रश्न दोन. तो अहवाल येईपर्यंत बेंझाथिन पेनिसिलिन 12 लाख युनिट, दर तीन आठवड्यांनी, सुरू करण्यात कुणाला अडचण दिसते का? आणि शाळकरी वयात निरोगी मुलांचाही एएसओ 200 च्या वर सापडतो, तर तुमची प्रयोगशाळा कोणती मर्यादा धरते?