प्रतिसाद: जाहिरातीतील आरती आणि ‘झकास’

> ‘गणेशोत्सवाच्या जाहिरातीत जुनी आरती घेतली, तर परवानगी लागते का? आणि शेवटी कोणी “झकास” म्हटले तर?’

‘सुखकर्ता दुःखहर्ता’ ही समर्थ रामदासांची रचना असल्याने तिच्या शब्दांवर आज कोणाचाही स्वामित्वहक्क नाही. मात्र तुम्ही इंटरनेटवरून उतरवून घ्याल ते ध्वनिमुद्रण वेगळी मालमत्ता असते आणि १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार त्यावरील हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. धार्मिक समारंभात गाणे वाजवण्यास कायद्यात सवलत आहे, पण ती जाहिरातीला लागू होत नाही. समाजमाध्यमाच्या संगीतसंग्रहातील गाणेही बहुधा वैयक्तिक वापरापुरतेच असते, आणि नेमकी तिथेच गफलत होते. त्यामुळे आरती स्वतंत्रपणे गाऊन घ्यावी, चाल पारंपरिक ठेवावी, अलीकडच्या एखाद्या संगीतकाराची नव्हे, आणि गायक-वादकांकडून जाहिरातीतील वापराची लेखी संमती घ्यावी.

‘झकास’ हा आपला रोजचा शब्द आहे, तो बोलायला हरकत नाही. तथापि अनिल कपूर यांच्या ढंगात, त्यांच्यासारखा आवाज काढून किंवा त्यांच्यासारखा दिसणारा नट घेऊन तो म्हटला, तर प्रश्न व्यक्तिमत्त्व हक्काचा, म्हणजे आपल्या ओळखीचा व्यापारी वापर कोणी करावा हे ठरवण्याच्या हक्काचा होतो. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अंतरिम आदेशाने त्यांचे नाव, आवाज, छबी आणि त्या लकबीलाही संरक्षण दिले आहे. नाव न घेतल्याने सुटका होत नाही, कारण प्रेक्षकाने कोणाला ओळखले हेच पाहिले जाते.