भाडेपट्ट्यांची कलमे मेमरीतून उचलावीत का?

धुळे_अनुवाद: साक्री तालुक्यातील सौर प्रकल्पासाठी घेतलेल्या शेतजमिनींचे ३० भाडेपट्टे इंग्रजीतून मराठीत आणायचे आहेत. गट क्रमांक, क्षेत्र आणि नावे सोडली तर कलमे बहुतेक तीच आहेत. पहिला करार ओमेगाटी या भाषांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये करून उरलेल्यांत ट्रान्सलेशन मेमरीतून मजकूर भरावा, असे माझा सहकारी म्हणतो. कायद्याच्या मजकुरात हे चालेल का?

अमळनेरचा_दस्तलेखक: माझे मत विरोधाचे आहे आणि त्याला कारण आहे. एका खरेदीखतासाठी मी जुन्या खताची फाइल उघडून त्यातच नावे बदलली होती. सगळे बदलले, पण चतुःसीमेत पूर्वेकडचा गट क्रमांक जुनाच राहिला. दोन्ही पक्षांना पुन्हा दुय्यम निबंधक कार्यालयात नेऊन चूक दुरुस्ती पत्र करावे लागले आणि त्या दिवसाचा खर्च मी माझ्या खिशातून दिला. तेव्हापासून जुन्या दस्तावर नवा दस्त मी चढवत नाही.

भुसावळ_टीएम: नाना, आपण सांगता ते कॉपी-पेस्ट झाले. मेमरीत अख्खी फाइल उचलली जात नाही. इंग्रजी मजकूर वाक्यावाक्याने समोर येतो आणि पूर्वी भाषांतरित झालेले वाक्य भेटले तरच त्याचे मराठी पुढे ठेवले जाते. चतुःसीमेचे वाक्य प्रत्येक करारात वेगळे असल्याने ते तिथे थांबवतेच. माझा अनुभव असा की पहिल्या कराराला चार दिवस लागले तर पाचव्याला अर्धा दिवसही लागत नाही. १०० टक्के जुळलेले वाक्य तर मी पुन्हा वाचतही नाही, कारण इंग्रजी अक्षरशः तेच असेल तर मराठी बदलण्याचे कारणच काय?

जळगाव_विधीभाषा: भाऊ, पूर्वार्ध पटला, शेवटचे वाक्य मात्र पटले नाही. भाड्याच्या कलमात भाड्याचा आकडा सांगितल्यानंतर ‘द सेम शॅल बी पेड इन अ‍ॅडव्हान्स’ असे छोटे वाक्य येते आणि पुढे अनामत रकमेच्या कलमात तेच वाक्य जसेच्या तसे पुन्हा येते. इंग्रजीला लिंगाची अडचण नाही. मराठीत पहिल्या ठिकाणी ‘ते आगाऊ भरण्यात यावे’ लिहिले की जुळणी १०० टक्के असल्याने दुसऱ्या ठिकाणीही ‘ते’ आपोआप बसते आणि अनामत रकमेच्या मागे नपुंसकलिंगी सर्वनाम लटकते. वाचणारा ते मागच्या भाड्याला जोडू शकतो.

यावर ओमेगाटीत `Create Alternative Translation` ही आज्ञा आहे, पण तो पर्याय त्या फाइलपुरता आणि त्या जागेपुरता बांधला जातो. ३० फाइलींत तो ३० वेळा करत बसावा लागेल. त्यापेक्षा मराठी वाक्यच असे लिहावे की ते दोन्हीकडे चालेल: ‘उपरोक्त रकमेचा भरणा आगाऊ करण्यात येईल.’ भाडेही रक्कमच आणि अनामतही रक्कमच. मेमरीत जाणारे प्रत्येक वाक्य आपल्या जागेवरून उचलून दुसरीकडे ठेवले तरी उभे राहील का, हे पहिल्या करारातच तपासायला हवे. त्यासाठी चार दिवसांचे सहा झाले तरी हरकत नाही.

खरा धोका त्याहून पुढे, अंशतः जुळणाऱ्या वाक्यांत आहे. पवनचक्क्यांच्या जमिनींच्या एका कामात माझ्या हातून हे होता होता राहिले. लॉक-इन मुदत संपण्यापूर्वी पट्टाकारास, म्हणजे जमीन देणाऱ्या शेतकऱ्यास, करार समाप्त करता येणार नाही, असे मूळ कलम होते. नंतरच्या काही शेतकऱ्यांनी वाटाघाट करून तो हक्क मिळवला आणि वकिलाने १७ शब्दांच्या त्या इंग्रजी वाक्यातला केवळ ‘नॉट’ काढला. सॉफ्टवेअर शब्द मोजते, अर्थ मोजत नाही; सतरापैकी सोळा शब्द जागच्या जागी असल्याने नव्वदीच्या वरची जुळणी दिसली आणि खाली जुने मराठी आले: ‘करता येणार नाही’. उलट ज्या वाक्यात गाव, तालुका, तारीख आणि क्षेत्र बदलले होते, त्याची टक्केवारी बरीच खाली आली, म्हणून ते मी डोळ्यांत तेल घालून वाचले. म्हणजे निरुपद्रवी बदलाला कमी गुण आणि अर्थ उलटा करणाऱ्या बदलाला भरघोस गुण, असा हा हिशेब आहे.

तेव्हापासून प्रत्येक फाइल संपली की शोधखिडकीत रेग्युलर एक्स्प्रेशनचा पर्याय निवडून मराठी बाजूस हे शोधते:

```
नाही|नये|खेरीज
```

जितकी वाक्ये सापडतील, तितक्यांचे शेजारचे इंग्रजी वाचायचे. त्यानंतर इंग्रजी बाजूस `not` शोधून हेच उलट दिशेने करायचे.

आणखी एक. दुसऱ्या ग्राहकाची जुनी मेमरी हाताशी असेल तर ती सरळ `tm` मध्ये न टाकता `tm/penalty-020` या फोल्डरमध्ये ठेवावी. मग तिथली १०० टक्क्यांची जुळणी ८० दिसते आणि हात आपोआप थांबतो. अर्थात त्या ग्राहकाने गोपनीयतेची अट घातली असेल तर तेही करू नये.

शहादा_फ्रीलान्स: हे सर्व तपासायचे कोणी आणि कोणत्या पैशांत? मी ज्या एजन्सीचे काम करते ती १०० टक्के जुळणीच्या शब्दांना पूर्ण दराचा चौथा हिस्साच देते. ताईंनी सांगितलेले दुहेरी वाचन त्या दरात परवडत नाही, पण कलम चुकले तर जबाबदारी माझी असते. मेमरीने वेळ वाचतो हे मान्य. तो वाचलेला वेळ कोणाच्या पदरात पडतो, हेही धागाकर्त्याने काम घेण्यापूर्वी लेखी ठरवून घ्यावे.

भुसावळ_टीएम: दराचा मुद्दा खरा आहे, पण तो सॉफ्टवेअरचा दोष नव्हे. ‘नॉट’चे मात्र मान्य करतो, आजच माझ्या जुन्या फाइली उघडून पाहतो. तरीही करारात ‘इंग्रजी मसुदा ग्राह्य धरला जाईल’ असे कलम असतेच, तेव्हा मराठीतील चुकीने आभाळ कोसळत नाही.

जळगाव_विधीभाषा: ते कलम कंपनीला वाचवते. शेतकरी मराठी वाचून सही करतो.

धुळे_अनुवाद: सर्वांचा आभारी आहे. ३० पैकी ६ करारांत वकिलाने सुधारणा केल्याचे आता विचारल्यावर कळले, त्यामुळे ते सहा सर्वांत शेवटी आणि पूर्ण वाचून करीन. मात्र एक नवी अडचण आली. ‘पट्टाकार’ आणि ‘पट्टेदार’ यांत जमीन कोणाची आणि भाडे कोण देणार, हे गावात कोणालाच उमगत नाही. मेमरीतच बदल करून ‘जमीनमालक’ आणि ‘कंपनी’ करावे का?

अमळनेरचा_दस्तलेखक: जरूर करावे. आमच्याकडे भाडेपट्टा वाचून दाखवताना मला दर वेळी ‘म्हणजे तुम्ही’ आणि ‘म्हणजे ते’ असे बोट दाखवून सांगावे लागते.

जळगाव_विधीभाषा: मी करणार नाही. उद्या कंपनीने आपले हक्क दुसऱ्या कंपनीकडे सोपवले तर ‘कंपनी’ कोणती, हा वाद उभा राहील. सातबाऱ्यावर तीन वारस असतील तर ‘जमीनमालक’ एकवचनी शब्दही अपुरा पडेल. व्याख्येच्या कलमात एकदा सोपे करून सांगावे आणि पुढे तेच शब्द ठेवावेत. तरीही बदलायचेच ठरले तर फाइंड-रिप्लेसवर विसंबू नका. ‘पट्टाकाराने’चे ‘जमीनमालकाने’ नीट होते, कारण दोन्ही शब्द सारखेच चालतात. पण ‘पट्टेदाराने’मधील ‘पट्टेदार’ काढून ‘कंपनी’ घातले की ‘कंपनीाने’ असा लोंबकळता काना उरतो आणि पुढच्या वाक्यातील ‘तो’ तसाच राहतो.

शहादा_फ्रीलान्स: मी ‘जमीनमालक’च्या बाजूने आहे. काना शोधून काढता येतो. सही परत घेता येत नाही.