शब्दचर्चा: ‘सन ऑफ अ बिच’ला मराठी सबटायटलमध्ये काय लिहावं?

बर्डीची_अनुवादक
नमस्कार. नागपुरातून एका इंग्रजी चित्रपटाचे मराठी सबटायटल करते आहे. करारामुळे नाव सांगता येत नाही, पण एका शिवीपाशी तीन दिवस अडकले आहे.

एका कारखान्याचा मुनीम मालकाशी सगळा चित्रपटभर अदबीनं बोलतो. मालकानं मुनिमाच्या घराचे कागद परस्पर गहाण टाकलेत, हे त्याला कळतं. तो मालकाच्या बैठकीत जाऊन उभा राहतो आणि म्हणतो, ‘इलेव्हन इयर्स यू लाइड टू मी, यू सन ऑफ अ बिच.’ त्याच्या तोंडी आख्ख्या चित्रपटात ही एकच शिवी आहे.

मी आधी ‘नालायका’ लिहिलं. तपासणाऱ्यांनी ‘मवाळ’ असा शेरा मारून परत पाठवलं, आणि ते पटलं. नालायक तर आई पोराला रोज म्हणते. मग हे केलं:

अकरा वर्षं माझ्याशी खोटं बोललास, रांडेच्या!

सॉफ्टवेअर याची मोजणी ४३ अक्षरं दाखवतं, आणि ओळीची मर्यादा ४२ आहे. दुसरी ओळ घेता येईल, पण खरी अडचण वेळेची आहे. वाक्य २ सेकंदांत संपतं आणि या कामाचा नियम सेकंदाला १७, म्हणजे ३४ च्या वर जाता येत नाही. लगेच दुसरं पात्र बोलतं, त्यामुळे सबटायटल पुढे रेंगाळू देता येत नाही. लहान पण तितकीच जड शिवी सुचवा.

इतवारीचा_पंकज
ताई, इतका विचार काऊन करून राहिल्या? आपल्याकडे ‘बे’ आहे ना. ‘अकरा वर्षं खोटं बोलला बे’ लिहा. एका अक्षरात माणूस खाली येते. पाहिजे तर ‘बह्याडा’ जोडा.

बर्डीची_अनुवादक
पंकजभाऊ, मालकाला ‘बे’ म्हणणं म्हणजे काय, हे नागपूरच्या माणसाला नक्की कळेल. पण आपण दोस्तालाही दिवसभर ‘काय बे’ म्हणतो आणि चहा पाजतो. हा चित्रपट कोल्हापुरातही बघणार, तिथे ‘बे’चा नेमका सूर लागेलच असं नाही. बह्याड तर वेडपटाला म्हणतात, या मालकाला वेडपट कसं म्हणणार?

वाचनवेडी
एक शंका. ‘रांडेच्या’मध्ये रां, डे, च्या अशी तीनच अक्षरं आहेत. मग जागा कशी पुरत नाही?

बर्डीची_अनुवादक
डोळ्याला तीन दिसतात, सॉफ्टवेअरला नऊ. काना, मात्रा, अनुस्वार आणि पाय मोडण्याचं चिन्हसुद्धा ते वेगळं मोजतं. र, काना, अनुस्वार, ड, मात्रा, च, हलन्त, य, काना. जोडाक्षरांच्या शिव्या म्हणून महाग पडतात. ‘हलकटा’ पाचात बसतं, पण त्यात जीव नाही.

धरमपेठ_निवृत्त
सेन्सॉर ‘रांडेच्या’ चालू देईल का, हे आधी बघा. नाहीतर मधे फुल्या टाका.

बर्डीची_अनुवादक
काका, प्रश्न परवानगीचा नाही. आवाजात शिवी स्पष्ट ऐकू येते, मग सबटायटलमध्येही ती पूर्ण लिहा, असं या कामाच्या सूचनांत आहे. मूळ आवाजावरच ‘बीप’ असेल तर फुल्या.

झाडीपट्टी_मंदा
मी झाडीपट्टीच्या नाटकांत काम करते. दिवाळीनंतर रात्र रात्र प्रयोग असतात. आमच्या एका नाटकात मी सावकाराला ‘भाडखाऊ’ म्हणते. शब्दाआधी मी थांबते, मांडव गप्प होतो, मग हळूच म्हणते. ओरडून म्हटलं होतं तेव्हा लोक हसले होते. तुमचा मुनीम शिवीआधी थांबतो का?

बर्डीची_अनुवादक
मंदाताई, थांबत नाही, एका श्वासात बोलतो. थांबला असता तर मला दोन सबटायटल करावे लागले असते. एकाच वेळी सगळं दाखवलं तर नट बोलायच्या आधी प्रेक्षक शिवी वाचून मोकळा होतो. ‘भाडखाऊ’ सहात बसतं. पण भाड म्हणजे बाईच्या धंद्याची कमाई, तो अर्थ इथे भलतीकडे नेतो.

रामदासपेठ_अनुवादक
उशिरा लिहितो आहे. माझ्या मते तुम्ही चुकीचा शब्द कापायला निघालात. शिवी राहू द्या, ‘माझ्याशी’ काढा. तो समोर उभा आहे, डोळे मालकावर आहेत. खोटं कोणाशी बोलला हे चित्र सांगतं. नंतरच्या जागेसकट तो शब्द नऊ खातो. ४३ मधून नऊ गेले की ३४.

दुसरं म्हणजे तुमची निम्मी शिवी ‘बोललास’मध्ये आहे. आधीच्या सगळ्या संवादांत मुनीम मालकाला ‘तुम्ही’च म्हणत असेल तर हा ‘स’ थप्पड मारतो. इंग्रजीच्या ‘यू’मध्ये ती सोय नाही, मराठीत ती फुकट मिळते. म्हणून मागचे संवाद तपासा. कुठे घाईत ‘तू’ निसटला असेल तर इथला जोर गेला.

आता सांगा, त्या बैठकीत आणखी कोण आहे?

बर्डीची_अनुवादक
मालकाची म्हातारी आई. विधवा आहे, खिडकीपाशी बसलेली. शिवीनंतर लगेच तीच बोलते, ‘याला जेवायला थांबव.’ आणि मागचे संवाद आत्ता पाहिले. एका ठिकाणी ‘तुला’ निसटला होता, दुरुस्त केला.

रामदासपेठ_अनुवादक
मग ‘रांडेच्या’ इथे नको. रांडचा जुना अर्थच विधवा. इंग्रजी शिवी झिजली आहे, तिथे कोणी आईकडे बघत नाही. मराठी प्रेक्षक मात्र ‘रांडेच्या’ वाचून त्या म्हातारीकडे बघेल, आणि वाटेल की मुनीम तिला बोलला. दिग्दर्शकानं न केलेला अपमान आपण करून बसू.

माझं मत ‘हरामखोरा’ला आहे.

इतवारीचा_पंकज
हरामखोर अन् हरामजादा एकच ना? म्हणजे पुन्हा आईवरच गेलं.

रामदासपेठ_अनुवादक
एक नाहीत. हरामजादा म्हणजे अनौरस, तो जन्मावर जातो. हरामखोर म्हणजे हरामाचं खाणारा, ज्याचं खाल्लं त्याच्याशी बेइमान. मुनिमाचं घर खाणाऱ्याला तो नेमका लागतो. शिवाय ही शिवी आपल्याकडे बहुधा वरून खाली येते. मालक गड्याला म्हणतो, शेट दिवाणजीला म्हणतो. इथे दिवाणजी शेटला म्हणतो आहे. एरवी झिजलेला शब्द दिशा उलटल्यामुळे जड होतो.

बर्डीची_अनुवादक
बसवून पाहिलं:

अकरा वर्षं खोटं बोललास, हरामखोरा!

मोजणी ३३. एकाच ओळीत येतं. आवाज बंद करून तीनदा पाहिलं, तिन्ही वेळा म्हातारीचं वाक्य येण्याआधी शेवटपर्यंत वाचून झालं.

वाचनवेडी
मला अजून ‘हरामखोरा’ थोडं जुन्या नाटकातलं वाटतं. माझ्या वयाचा कोणी चिडला तर हा शब्द त्याच्या तोंडी येणार नाही.

रामदासपेठ_अनुवादक
मुनीम तुमच्या वयाचा नाही. पण हरकत रास्त आहे. पंचविशीतल्या पात्राला मी हा शब्द दिला नसता.

बर्डीची_अनुवादक
मुनीम साठीचा आहे, म्हणून हाच ठेवते. पण आता पुढचा पेच उभा राहिला. चार मिनिटांनी तो दारातून वळून म्हणतो, ‘गिव्ह मी बॅक माय हाउस.’ ‘माझं घर परत दे’ की ‘द्या’?

झाडीपट्टी_मंदा
‘द्या’. राग उतरला की नोकराची जीभ जुन्या वळणावर जाते. तिथे प्रेक्षक रडेल.

रामदासपेठ_अनुवादक
मी ‘दे’ म्हणेन. एकदा ‘तू’ म्हटलेला माणूस परत ‘तुम्ही’वर आला तर ती माफी वाटते, आणि त्यानं माफी मागितलेली नाही. त्या वेळी नटाचा आवाज कसा आहे?

बर्डीची_अनुवादक
अगदी हळू. आणि तो मालकाकडे बघत नाही, म्हातारीकडे बघतो.