पॅकेजची तुलना: आधी तास मोजा

> 'लातूरला बहिणीचं लग्न आहे. एक फोटोग्राफर ४५ हजार म्हणतोय, दुसरा ६०. स्वस्ताचा घ्यावा का?'

दादा, आधी तुमच्या कार्यक्रमाचे तास मांडा. मागच्या वर्षी पुतणीच्या लग्नात आम्हीही असाच ४५ हजारांचा आकडा बघून इसार देऊन बसलो होतो. त्यात एक दिवस, आठ तास, ३०० एडिट केलेले फोटो आणि ३० शीटचा अल्बम होता. हळद आदल्या संध्याकाळी, म्हणजे जादा दिवसाचे १२ हजार. लग्नादिवशी सकाळी आठला कॅमेरा सुरू झाला. मुहूर्त १२:३५ चा, पण परण्या मारुतीपासून हलेचना. डीजेपुढं नाचणाऱ्यांना कोण आवरणार! अक्षता पडल्या दोनला, पाठवणी सहाला. दोन तास जादा, त्याचे चार हजार. झाले की ६१! ज्याला महाग म्हणून सोडलं त्याच्या ६० हजारांत दोन दिवस मिळून १४ तास आणि ४० शीट होत्या. आमचे हळदीचे चार अन् लग्नाचे दहा तास त्यात बरोबर बसले असते.

फोटोंच्या आकड्याला मात्र फार भुलू नका. एका शीटवर साधारण चार-पाच फोटो धरले तर ३० शीटमध्ये दीडशेच्या आतबाहेरच बसतात. बाकीचे पेनड्राइव्हमध्ये. पण जादा शीटचा दर आधीच लिहून घ्या, कारण निवड करताना मामा-मावश्यांचे फोटो कुणालाच वगळवत नाहीत. आणि तास स्टुडिओतून निघाल्यापासून मोजणार की कार्यालयात आल्यापासून, तेही विचारा.